रजेचा अर्ज पाठवायच्या आधीची शेवटची नजर: सहपत्रं, सही, संपर्क, अटॅचमेंट

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. माझी गुडघ्याची शस्त्रक्रिया 9 मार्चला ठरलीय, सोमवारी, आणि डॉक्टरांनी त्या दिवसापासून सहा आठवडे विश्रांती लिहून दिलीय. रजेचा अर्ज लिहून झालाय, मजकूर दोघांना दाखवून झालाय, त्याबद्दल काही विचारायचं नाहीये. विचारायचंय ते त्याच्या पुढचं, म्हणजे 'पाठवा' दाबायच्या आधी शेवटचं काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने. कारण गेल्या वेळी मी अर्ज तीनदा वाचला, एक वेलांटी चुकली नव्हती, तरी चार दिवसांनी परत आला, कारण दाखला जोडलाच नव्हता! ते चार दिवस मी समजत होते की अर्ज मंजुरीच्या वाटेवर आहे.

आमच्याकडे अर्ज ईमेलने जातो, सही केलेलं पत्र स्कॅन करून पीडीएफ, बाकीचे कागद वेगळ्या फाईलींत. पत्रावर तारीख 16 फेब्रुवारी आहे. शेवटचा भाग असा, नाव काढलंय:

> तरी दि. 9 मार्च ते 20 एप्रिल अशी 42 दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती. सोबत वैद्यकीय दाखला, हॉस्पिटलचे पत्र व काम सोपवल्याची टीप जोडली आहे.
>
> आपली विश्वासू,
> (सही)
> नाव
> वरिष्ठ सहायक
>
> सहपत्रे: 1. वैद्यकीय दाखला 2. रजेचा फॉर्म 3. हॉस्पिटलचे पत्र 4. काम सोपवल्याची टीप

यात काही सुटलंय का सांगा प्लीज, उद्या पाठवायचाय.

कोराकागद

ताई, कारण थोडक्यात लिहा, जास्त आजारपण सांगत बसलं की वरच्यांना वाटतं वाढवून सांगतायत. मी नेहमी 'वैयक्तिक कारणास्तव' एवढंच लिहितो आणि मिळते रजा.

पाऊलवाट

कोराकागद, धन्यवाद, पण कारण लिहून झालंय आणि ते बदलणार नाहीये, वैद्यकीय रजा आहे म्हणून दाखला द्यावाच लागतो. पाठवण्याआधीची तपासणी एवढंच हवंय.

टकटक

माझं मत, सहीचा भाग एवढा मनावर घेऊ नका. ईमेलखाली तुमची सिग्नेचर आपोआप येतेच ना, नाव, हुद्दा, विभाग, नंबर सगळं त्यात असतं, मग पत्रात परत कशाला. आणि दाखला खाजगी असतो तर त्या पीडीएफला पासवर्ड लावा, म्हणजे कोणीही उघडणार नाही.

जुनाबाबू

मी आस्थापना शाखेत बरीच वर्षं रजेचे अर्जच हाताळले, म्हणजे टेबलाच्या पलीकडून बघितलेत, तिथून काय दिसतं ते सांगतो.

पाऊलवाट, तुमच्या त्या चार ओळींत मला तीन गोष्टी दिसल्या आणि एक दिसत नाहीये पण शंका आहे.

पहिली. मजकुरात तीन कागद म्हटलेत, खाली यादीत चार आहेत. रजेचा फॉर्म मजकुरात नाही. आता ईमेलला नेमक्या किती फाईली जोडल्यात ते तुम्हालाच माहीत. टेबलावरचा माणूस अर्ज वाचत नाही हो आधी, तो खालची यादी बघतो आणि कागद मोजतो. आकडा जुळला नाही की अर्ज बाजूला, आणि बाजूला गेलेला अर्ज परत हातात कधी येईल ते त्याच्या कामाच्या गर्दीवर. तेव्हा मजकूर, यादी आणि प्रत्यक्ष जोडलेल्या फाईली या तीन ठिकाणी तोच आकडा आणि तोच क्रम हवा. मी तर यादीत प्रत्येक कागदापुढे पानं किती तेही लिहायला सांगायचो, 'रजेचा फॉर्म, 2 पाने' असं, म्हणजे एखादं पान गळालं तर पाठवणाऱ्यालाच आधी कळतं.

दुसरी, तारीख. 9 मार्चपासून सहा आठवडे म्हणजे 42 दिवस, पण मोजताना पहिला दिवसही धरायचा असतो. मार्चमधले 9 ते 31 हे 23 दिवस, उरले 19, म्हणजे रजा 19 एप्रिलला संपते. तो रविवार आहे. 20 एप्रिल सोमवार हा तुमचा हजर होण्याचा दिवस. तुम्ही 9 मार्च ते 20 एप्रिल लिहिलंय, ते 43 दिवस होतात. दाखल्यावर 42, पत्रात आकडा 42 पण तारखा 43 च्या, आणि फॉर्मवर काय लिहिलंय कोण जाणे. आमच्याकडे अशा अर्जावर प्रश्नचिन्ह पडायचं आणि खुलासा मागवला जायचा, एका दिवसासाठी आठवडा जायचा. पत्र, फॉर्म आणि दाखला समोरासमोर ठेवून फक्त तारखा वाचा, दुसरं काही वाचू नका. आणि 'दि. 20 एप्रिल रोजी कामावर हजर होईन' हे वेगळं वाक्य टाका, म्हणजे शेवटचा दिवस आणि हजर होण्याचा दिवस यांची गल्लत राहत नाही.

तिसरी, सहीच्या खाली कर्मचारी क्रमांक नाही, विभाग नाही, फोन नाही. टकटक म्हणतात ते ईमेलपुरतं बरोबर आहे, पण होतं काय की तुमचं पत्र ईमेलमधून डाउनलोड होऊन तुमच्या सेवा फाईलला लागतं आणि ईमेलचा मजकूर तिथेच मागे राहतो, त्याखालची सिग्नेचरही राहते. सहा महिन्यांनी ते पत्र एकटंच असतं. एकाच नावाची दोन माणसं असलेल्या कार्यालयात कर्मचारी क्रमांक नसलेला अर्ज चुकीच्या फाईलला लागलेला मी स्वतः पाहिलाय आणि दुरुस्त करायला किती लिखापढी करावी लागली तेही. तेव्हा पत्र एकटं पडलं तरी कोणाचं आहे ते कळलं पाहिजे. दाखल्याच्या आणि टिपेच्या वरच्या कोपऱ्यातही पेन्सिलीने नाव आणि क्रमांक टाकून मग स्कॅन करा.

आणि शंका अशी, पत्रावर 16 फेब्रुवारी आहे, दाखल्यावर कोणती तारीख आहे?

पाऊलवाट

दाखल्यावर 18 फेब्रुवारी! पत्र मी आधी लिहून ठेवलं होतं, दाखला नंतर मिळाला. हे लक्षातच आलं नव्हतं.

जुनाबाबू

तेच. 16 तारखेच्या पत्रात 18 तारखेचा दाखला 'सोबत जोडला आहे' असं दिसतंय. पत्राची तारीख पाठवण्याच्या दिवसाची करा, सहीखाली तारीख घालत असाल तर तीही तीच.

चौकट

जुनाबाबूंना अनुमोदन. मी मदतकक्षावर बसते, फाईल उघडत नाही, फाईल मिळाली नाही असले फोन घेते, तर अटॅचमेंटचं मी सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं, फाईल तपासायची ती ईमेलच्या ड्राफ्टमधून उघडून, फोल्डरमधून नाही. फोल्डरमधे तुम्ही बरोबर फाईल बघता आणि जोडलेली असते जुनी, कारण जोडताना जी होती तिची प्रत ड्राफ्टमधे जाऊन बसलेली असते, नंतर फोल्डरमधली दुरुस्त केली तरी ड्राफ्टमधली बदलत नाही. पाऊलवाट, तुम्ही आता तारखा दुरुस्त कराल, परत प्रिंट, परत सही, परत स्कॅन, आणि ड्राफ्टमधे सकाळचीच फाईल राहील. म्हणून ड्राफ्टमधल्या सगळ्या अटॅचमेंट काढून टाका आणि नव्याने जोडा, जुन्यात भर घालू नका.

उघडल्यावर पहिलं पान बघून बंद करू नका, शेवटच्या पानापर्यंत जा. आणि नावं धड द्या, `scan0043.pdf` असल्या नावाच्या चार फाईली आल्या की समोरच्याला प्रत्येक उघडून बघावी लागते. तुमच्या यादीच्या क्रमानेच द्या, असं काहीसं:

```
00_Raja_Arj.pdf
01_Vaidyakiya_Dakhla.pdf
02_Raja_Form.pdf
03_Hospital_Patra.pdf
04_Kaam_Tip.pdf
```

म्हणजे यादीतला 2 आणि फाईलीतला 02 एकच. सहपत्रं चार आणि पत्र धरून फाईली पाच, हे ईमेलच्या मजकुरातही लिहा, 'पत्रासह एकूण 5 फाईली जोडल्या आहेत', नाहीतर समोरचा यादीत चार आणि ईमेलला पाच बघून गोंधळतो.

टकटक

चौकट, आणि साइज? मला एकदा मेल परत आला होता, 20 एमबीची फाईल होती आणि मर्यादा 25 ची आहे, तरी गेला नाही.

चौकट

हो, कारण ईमेलमधून जाताना फाईलचं साध्या अक्षरांत रूपांतर होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. 20 ची 27 च्या आसपास होते. शिवाय 25 ही जीमेलची मर्यादा, तुमच्या ऑफिसची त्याहून बरीच कमी असू शकते. आणि जीमेलमधे मर्यादेबाहेरची फाईल जोडली की ती ड्राइव्हची लिंक बनून जाते, तुम्हाला वाटतं फाईल गेली पण समोरच्याला परवानगी मागणारं पान दिसू शकतं. रजेच्या अर्जाला कधी एवढं मोठं काही लागत नाही. एवढी मोठी झालीय म्हणजे फोनने रंगीत फोटो काढून तेच चिकटवलेत. कागद काळ्या-पांढऱ्यात किंवा करड्यात स्कॅन केला तर पान अगदी हलकं होतं आणि वाचताही नीट येतं, फक्त शिक्का फिका असेल तर तो दिसतोय ना ते मोठं करून बघा. आयफोनवरचा फोटो तसाच जोडला तर तो बरेचदा `.HEIC` असतो आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडेलच असं नाही, पीडीएफच करा.

पासवर्डचं म्हणाल तर हेतू बरोबर आहे पण रजेच्या बाबतीत तो आडवा येतो. फाईल एकाकडून दुसऱ्याकडे पुढे जाते, पासवर्ड मागच्या ईमेलमधे राहतो आणि त्याच ईमेलमधे लिहिला असेल तर मग लावून उपयोग काय.

रानफूल

संपर्काबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून माझं सांगते. मागच्या वर्षी मी बाळंतपणाच्या रजेचा अर्ज दिला, सगळं नीट, दोनदा तपासलं, फोन नंबरही बरोबर, एकही अंक चुकलेला नाही. पण तो ऑफिसने दिलेल्या फोनचा नंबर होता आणि रजेवर जाताना तो फोन मी जमा केला. ईमेल पण ऑफिसचाच, तो घरून उघडत नव्हता. त्यांना एका फॉर्मवर माझी सही हवी होती, तीन आठवडे ते त्या नंबरवर फोन करत राहिले आणि मला काहीच पत्ता नाही, शेवटी पगार अडकल्यावर मीच विचारलं तेव्हा कळलं. तेव्हा पाऊलवाट, नंबर बरोबर आहे का एवढंच बघू नकोस, रजेच्या दिवसांत तो कोणाच्या हातात असेल ते बघ. मला अजून वाटतं त्यांनी दुसरीकडून शोधायला हवं होतं, सहकाऱ्यांकडे माझा घरचा नंबर होता ना, पण असो.

पाऊलवाट

रानफूल, बापरे, तीन आठवडे! माझ्याही ईमेलच्या सिग्नेचरमधे ऑफिसचाच नंबर आहे, आणि तो एक्स्टेन्शनचा आहे, म्हणजे मी नसताना माझ्याच रिकाम्या टेबलावर वाजणार. पत्रात काहीच नाहीये. शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस फोन माझ्याजवळ नसेल, तेव्हा बहिणीचा नंबर देऊ का?

जुनाबाबू

द्या, पण तिला विचारून, आणि नात्यासकट. 'रजेच्या काळातील संपर्क' असा वेगळा छोटा मथळा सहीच्या वर करा, त्यात तुमचा स्वतःचा मोबाईल, स्वतःचा ईमेल, आणि खाली 'दि. 9 ते 12 मार्च या काळात अत्यावश्यक असल्यास बहिणीशी संपर्क साधावा' आणि तिचा नंबर. मुदत घातली नाही तर सहा आठवडे कामाचे फोन तिला जातील. आणि नंबर डोळ्यांनी तपासू नका, आपला नंबर आपल्याला पाठ असतो म्हणून चुकलेला अंकही बरोबरच वाचला जातो. छापलेल्या कागदावरून एकेक अंक बघत दुसऱ्या फोनवरून लावा, वाजला की झालं.

कामाची विचारणा कोणाकडे करायची ते मात्र इथे नको, ते त्या टिपेत, काम ज्यांना सोपवलंय त्यांच्या नावासह. दोन्ही एकत्र केलं की लोक सरळ आजारी माणसाला फोन करतात.

टकटक

घरचा पत्ता पण लिहायचा का? माझ्या मते आता कोणी पत्र पाठवत नाही, नकोच.

जुनाबाबू

आमच्या फॉर्मवर रजेच्या काळातल्या पत्त्याचा रकानाच होता आणि तो रिकामा असला की फॉर्म अपूर्ण धरायचो. रकाना असेल तर भरा.

रानफूल

मी टकटकशी सहमत आहे, फॉर्ममधे मागत असतील तर फॉर्ममधे द्यावा, पण पत्र पाच जणांना कॉपीत जातं, त्यात घरचा पत्ता मी तरी देणार नाही.

चौकट

हे कॉपीचं बरं निघालं. पाऊलवाट, ईमेल कोणाकोणाला जातोय? कारण कॉपीतल्या प्रत्येकाला सगळ्या अटॅचमेंट मिळतात, तुमचा दाखला, हॉस्पिटलचं पत्र, सगळं. टीममधल्या लोकांना नुसत्या तारखा आणि काम सोपवल्याची टीप पुरते, ती वेगळ्या ईमेलने पाठवा. पत्त्याच्या ओळीत नावाची पहिली अक्षरं टाकली की ईमेल स्वतःच नाव सुचवतो आणि सारख्या नावाचा भलताच माणूस निवडला जातो, म्हणून पत्ते सगळ्यात शेवटी भरा. तोपर्यंत ती ओळ रिकामी ठेवा, चुकून बटण दाबलं गेलं तरी ईमेल कुठेच जात नाही. जीमेलमधे पाठवलेलं मागे घ्यायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात, त्यात चूक दिसायला हवी आणि हातही चालायला हवा.

कोराकागद

म्हणजे दाखल्यावर आजाराचं नाव असेल तर ते झाकून पाठवायचं का? मग मी 'वैयक्तिक कारण' म्हणतो ते काय वाईट.

जुनाबाबू

झाकलेला दाखला आमच्याकडे चालत नव्हता, खाडाखोड धरली जायची. डॉक्टरांकडूनच आजाराचं नाव नसलेला, नुसता विश्रांतीचा दाखला मागता येतो का ते बघावं.

चौकट

काही ठिकाणी झाकलेला घेतात, मी पाहिलेत. आधी विचारून घेणं बरं.

पाऊलवाट

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री बसून सगळं केलं, काय काय सापडलं ते लिहिते.

सगळ्यात आधी पत्र, फॉर्म आणि दाखला शेजारी ठेवून नुसत्या तारखा वाचल्या. फॉर्मवर 9 मार्च ते 19 एप्रिल बरोबर होतं! म्हणजे माझ्याच दोन कागदांत दोन वेगळ्या तारखा होत्या आणि मी दोन्ही सही करून ठेवले होते. पत्र दुरुस्त केलं, हजर होण्याचं वाक्य टाकलं, तारीख पाठवायच्या दिवसाची केली, मजकुरात चारही कागद यादीच्याच क्रमाने लिहिले.

मग सहीखाली क्रमांक, विभाग आणि वर संपर्काचा मथळा टाकला, तर त्या वाढलेल्या ओळींमुळे 'आपली विश्वासू' आणि सही दोन्ही दुसऱ्या पानावर गेली, एकटीच. पहिल्या पानावर अर्ज आणि दुसऱ्यावर नुसती सही हे बरं दिसेना, आणि ते पान सुटलं तर अर्जावर सहीच नाही. मग समास थोडे कमी करून सगळं एका पानात बसवलं आणि मगच प्रिंट काढून सही केली.

पण खरं सापडलं ते पानं लिहिताना. जुनाबाबू म्हणाले म्हणून यादीत 'रजेचा फॉर्म, 2 पाने' लिहिलं आणि ड्राफ्टमधून फाईल उघडली तर एकच पान. फॉर्म पाठपोट छापलेला आहे, मी फक्त पुढची बाजू स्कॅन केली होती आणि माझी सही मागच्या बाजूला आहे. हे मी फॉर्म कितीही वेळा वाचून कळलं नसतं, कारण कागद हातात असताना तो पूर्णच दिसतो.

बहिणीचा नंबर वाजला. आधी सगळं मलाच पाठवून फोनवर आणि घरच्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलं, पाच फाईली, सहा पानं सोडून सातवं दिसलं तेव्हा टीप दोन पानांची आहे हे आठवलं आणि यादीत तेही लिहिलं. मग पत्ते भरले आणि पाठवला. कॉपीत फक्त साहेब.

जुनाबाबू

छान केलंत. पाठपोट फॉर्म हा फार जणांना फसवतो. आता पोच मागा, नुसतं 'मिळाला' नको, 'अर्ज व 4 सहपत्रे मिळाली' असं. दोन दिवसांत आली नाही तर फोन करून विचारा, गेल्या वेळचे चार दिवस तिथेच गेले होते. आणि मूळ दाखला जपून ठेवा, हजर होताना तो मागतात, आणि बरेच ठिकाणी कामावर येण्यास योग्य असल्याचा वेगळा दाखलाही.

पाऊलवाट

पोच आज सकाळीच आली, 'अर्ज व 4 सहपत्रे' अशी! मात्र त्यांनी एक विचारलंय, शेवटचे दोन दिवस, 18 आणि 19 एप्रिल, शनिवार-रविवार आहेत, आमची सुट्टीच असते, तर रजा 17 लाच संपवून 40 दिवस धरायची का? दाखल्यावर तर सहा आठवडे आहेत.

जुनाबाबू

आमच्याकडे वैद्यकीय रजेत दाखल्याच्या तारखा धरायचो, मधल्या-शेवटच्या सुट्ट्यांसकट. पण हे प्रत्येक ठिकाणच्या रजा नियमांवर आहे, तुमचे बघून त्यांना लेखीच उत्तर द्या.

रानफूल

आमच्याकडे शेवटच्या सुट्ट्या रजेतून वगळतात. 17 केलीस तर पत्र आणि फॉर्म दोन्ही नव्याने सही करून दे ग, एकच बदलू नकोस.